दुसऱ्या ताटलीतलं दही

"टाकू का?" असं तिने विचारलं तेव्हा माझी मिसळ निम्मी संपली होती आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. मला वाटलं, ती तिच्या ताटलीतल्या दह्याबद्दल विचारतेय. मी म्हणालो, "टाक की. भरपूर टाक."

ती माझ्याकडे बघतच राहिली. सात महिने ज्या माणसाने रस्त्यात ओळखीचं कुणी दिसलं की बुटाची नाडी बांधायला खाली वाकायचं एवढंच धोरण ठेवलं होतं, तो अचानक "भरपूर टाक" म्हणत होता. मग तिने फोन माझ्यापुढे धरला तेव्हा प्रकार लक्षात आला. फोटो होता. त्यात टेबल होतं, मिसळीच्या दोन ताटल्या होत्या, वाढीव रश्श्याचं स्टीलचं भांडं होतं आणि कोपऱ्यात पाव. माणूस एकही नव्हता.

"आपण कुठे आहोत यात?" ती म्हणाली. "नुसत्या दोन ताटल्या आहेत."

याला हल्लीची मुलं सॉफ्ट लाँच म्हणतात. म्हणजे माणूस दाखवायचा नाही, माणूस असल्याचा पुरावा तेवढा दाखवायचा. दोन कप, टेबलावर टेकलेला एक हात, गाडीच्या आरशात दिसणारी ओढणी, वाळूवर पडलेल्या दोन सावल्या. बघणाऱ्याला कळावं, पण त्याने विचारलं तर नाही म्हणता यावं. पुढे कधीतरी दोघांच्या चेहऱ्यांसकट, बदामासकट जो फोटो येतो तो हार्ड लाँच. त्यानंतर नाही म्हणायची सोय उरत नाही.

मी व्यवसायाने सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्याने केलेल्या गोष्टीत काय काय बिघडू शकतं हे शोधण्याचा मला पगार मिळतो. त्यामुळे या विषयात माझ्या हातून जे झालं ते लिहायला जरा जड जातंय. पण नातेवाइकांत ते सगळीकडे पोचलेलंच आहे, तेव्हा निदान ते नीट तरी सांगावं.

मुळात अडचण मराठीची आहे. या टप्प्याला आपल्याकडे शब्द नाही. "मैत्रीण" म्हणावं तर तो शब्द बालवाडीतल्या शेजारणीपासून सगळ्यांना पुरतो. "गर्लफ्रेंड" आईसमोर म्हटलं तर ती आधी दार लावून घेते. "आमची ही" म्हणायचा हक्क अक्षता पडल्याशिवाय मिळत नाही. नामं नाहीत म्हणून आपण क्रियापदांवर भागवतो, आणि ती मात्र इतकी नेमकी आहेत की विचारू नका. "त्यांचं काहीतरी चाललंय" म्हणजे लोकांना संशय आहे. "जमलंय" म्हणजे दोघांना खात्री आहे. "ठरलंय" म्हणजे दोन्हीकडच्या आईवडलांना कळलंय. "उरकलंय" म्हणजे कुणीतरी जेवणावरून नाराज झालंय. आमचं "जमलंय" होतं आणि "ठरलंय"च्या अलीकडे होतं. नेमक्या याच पट्ट्यात फोटो टाकायचा की नाही हा प्रश्न येतो. "चाललंय" असताना टाकायला फोटो नसतो आणि "ठरलंय" झाल्यावर फोटो इतर लोकच टाकतात.

आमची ओळख राजगडावरची. गुंजवण्यातून चोर दरवाजाने चढणारा ट्रेक होता, आणि पद्मावती माचीवर पिठलं-भाकरी खाताना तिने माझ्या वाटणीचा ठेचा मला न विचारता उचलला, इथून सुरुवात. पुढच्या तीन ट्रेकांत आम्ही ठरवून एकमेकांशी बोलणं बंद केलं, कारण ग्रुपला कळू द्यायचं नव्हतं. ग्रुप फोटोत ती डाव्या टोकाला, मी उजव्या. जेवताना ती एका पंगतीत, मी दुसऱ्या. आम्हाला वाटायचं, काय सुरेख लपवलंय. चौथ्या ट्रेकला आमचा लीडर माझ्याशेजारी येऊन बसला आणि पाण्याची बाटली उघडत म्हणाला, "तुम्ही दोघं आधी गप्पा मारायचात, आता बघतसुद्धा नाही. म्हणजे एकतर भांडण झालंय किंवा जमलंय. भांडण झालं असतं तर एव्हाना एकाने ग्रुप सोडला असता."

दोघांच्याही ओळखीच्या माणसांपासून लपवणं एवढ्यासाठी अवघड असतं. त्यांना तुम्ही आधी कसे वागायचात ते माहीत असतं. अनोळखी माणसाला दोन टोकांना उभे असलेले दोन ट्रेकर दिसतात. ओळखीच्याला मधली मोकळी जागा दिसते.

लीडरने कुणाला सांगितलं नाही, पण त्याने एक केलं. त्या रात्री सगळ्या ट्रेकचा अल्बम इन्स्टाग्रामवर टाकला आणि आम्हा दोघांना टॅग केलं. आमच्या दोघांच्याही खात्यांवर, टॅग आधी आपण मंजूर करायचा, अशी सोय चालू होती. आम्ही दोघांनी स्वतंत्रपणे तो नामंजूर केला आणि निश्चिंत झोपलो. ही सोय काय करते हे मी वाचायला हवं होतं. ती फोटो तुमच्या प्रोफाइलवर येऊ देत नाही, एवढंच. ज्याने टाकला त्याच्या प्रोफाइलवर तो छान झळकत राहतो, आणि आमच्या लीडरचं खातं सगळ्या जगाला उघडं होतं. घरी येणारी पत्रं बंद केली म्हणजे गावात चर्चा थांबली असं समजण्यासारखंच हे.

तर मिसळीकडे येऊ.

तिने फोटो तिच्या स्टेटसवर टाकायचा विचार सोडून दिला, कारण तिचे बाबा. बाबा वीज मंडळातून निवृत्त होऊन नाशकात असतात आणि रोज सकाळी चहाबरोबर यच्चयावत लोकांचे स्टेटस क्रमाने बघतात. खेरीज त्यांच्याकडे एक वही आहे. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची. तीत तिच्यासाठी आलेली स्थळं लिहिलेली आहेत. रकाने आखलेले: अनुक्रमांक, नाव, गोत्र, शिक्षण, पगार, उंची, आणि शेवटी शेरा. विवाह मंडळात तिचं नाव घातलंय ते बाबांनी, संकेतस्थळावर तिच्या नावाने उत्तरं देतात तेही बाबाच. म्हणजे तिकडे तिच्या वतीने "मुलीला वाचनाची आवड आहे" असं कळवलं जात असताना ती इकडे माझ्या ताटलीतला फरसाण उचलत होती.

यात गंमत आहे तशी एक अडचणही आहे, आणि ती तिने मला पहिल्याच महिन्यात समजावली होती. उद्या आमचं फिसकटलं तर माझ्याबद्दल लोक म्हणतील, "बिचारा, त्याचं मोडलं." तिच्याबद्दल म्हणतील, "ती नाही का ती, त्या ट्रेकवाल्याबरोबर होती." तिच्यामागे धाकटी बहीण आहे, तिचीही वही यथावकाश निघायची आहे. फोटो एकच, पण त्याची किंमत दोघांना सारखी पडत नाही. म्हणून कधी सांगायचं याचा निर्णय तिचा, आणि तो मान्य करण्याचं काम माझं, असं आमच्यात ठरलेलं होतं. फेसबुकने हे बरंच आधी ओळखलं असावं. तिथे तुम्ही "अमुक व्यक्तीबरोबर नात्यात आहे" असं लिहून तिचं नाव दिलं की आधी त्या व्यक्तीकडे मंजुरीची विनंती जाते. तिने होकार दिल्याखेरीज तिचं नाव लागत नाही. त्या यादीत "गुंतागुंतीचं आहे" असाही पर्याय आहे. तो निवडणाऱ्यांबद्दल मला आदर वाटतो. आमच्या घरात गुंतागुंतीचं असलं की निदान दिवाळीपर्यंत तरी कुणी कबूल करत नाही.

"तू टाक," ती म्हणाली. "तुझ्याकडून काही बाबांपर्यंत जात नाही. आणि मला बघायचंय, कसं वाटतं ते."

हे शेवटचं वाक्य माझ्या लक्षात राहिलं. सात महिने एखादी गोष्ट फक्त दोघांना माहीत असली की कधीकधी ती खरी आहे ना, अशी शंका येते. कुणीतरी बघावी असं वाटतं. सगळ्यांनी नको, पण कुणीतरी.

आता व्हॉट्सॲपचं स्टेटस ही चीज २०१७ साली आली. चोवीस तासांनी आपोआप जातं, म्हणून लोकांना ते निरुपद्रवी वाटतं. ते कुणाला दिसावं यासाठी तीन पर्याय आहेत: सगळे संपर्क; काहींना वगळून बाकीचे सगळे; आणि फक्त निवडलेले. मी दुसरा पर्याय घेतला, आणि चूक इथूनच सुरू झाली. "फक्त निवडलेले" यात तुम्ही माणसं आत घेता. विसरलात तर एखाद्याला दिसायचं राहतं, फार तर तो रुसतो. "वगळून" यात तुम्ही माणसं बाहेर काढता. विसरलात तर एखाद्याला दिसतं. टेस्टिंगमध्ये नवख्या पोरालाही हे शिकवतात की दार बंद ठेवून ओळखीच्यांना आत घ्यावं, दार सताड उघडं ठेवून चोरांची यादी करू नये. मी स्वतः हे दरवर्षी नव्या मुलांना फळ्यावर लिहून दाखवतो.

पण "फक्त निवडलेले"मध्ये निवडायला चार मित्र उरत होते आणि चार मित्रांना दाखवायचं तर त्यांना मिसळीलाच बोलावलं असतं. तेव्हा वगळण्याची यादी केली. आई, बाबा, दादा, वहिनी. दोन मामा, एक मामी. दुसरी मामी फोन वापरत नाही, पण मामाचा वापरते. आत्या. आत्याचे यजमान. तीन चुलत बहिणी, कारण त्या एकमेकींना स्क्रीनशॉट पाठवतात आणि स्टेटसचा स्क्रीनशॉट काढला तर टाकणाऱ्याला कळत नाही. सांगलीच्या वाड्यातले खालचे भाडेकरू. आईची पोळ्यावाली, कारण तिचा नंबर एकदा गॅसच्या निमित्ताने घेतलेला होता. एकूण तेवीस. यादी करताना एक जाणवलं. ही व्हॉट्सॲपवाली मंडळी असं धरून चालतात की एक नंबर म्हणजे एक माणूस. आमच्याकडे एक नंबर म्हणजे सोफा असतो. कोण कधी त्यावर येऊन बसेल सांगता येत नाही. बाबांचा फोन आई बघते, आजीचा फोन शेजारचा मुलगा लावून देतो, आणि तो लावून देताना मोठ्याने वाचूनही दाखवतो.

दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी मी फोटो टाकला. खाली लिहिलं, "रविवार". मला ते फार संयत वाटलं.

दीड वाजता आत्याचा मेसेज आला. "छान. दुसऱ्या ताटलीत दही कुणाचं?"

मला घाम फुटला तो मिसळीचा नव्हता. आत्या तर यादीत होती. मी पुन्हा यादी उघडली. होती. मग मेसेज कुठल्या नंबरवरून आलाय ते पाहिलं. आठवड्यापूर्वी तिला तिच्या मुलाने नवा फोन दिला होता, त्याबरोबर नवं सिम होतं, आणि मी आज्ञाधारक भाच्यासारखा तो नंबर "आत्या नवीन" म्हणून जपून ठेवला होता. वगळलं होतं मी जुन्या आत्याला. तो नंबर आता बंद होता. नव्या आत्याला संपूर्ण मोकळं रान.

घाईघाईत मी "आत्या नवीन"लाही यादीत घातलं. याचाही उपयोग नसतो. तुम्ही सेटिंग बदललं तर ते पुढच्या स्टेटसना लागू होतं. आधी टाकलेलं ज्यांच्याकडे गेलं त्यांच्याकडे गेलं. मग स्टेटस पुसूनच टाकलं. तोपर्यंत आत्याचा फोन वाजला.

"पुसलंस होय? पुसू नको रे, मी काढून ठेवलाय."

"आत्या, ऑफिसातला मित्र होता."

"तो दही घेतो?"

"पुष्कळ पुरुष घेतात."

"घेतात ना. पण ते रश्श्याचं भांडं बघ. चकचकीत घासलंय. मी मोठं करून बघितलं. एकीकडे तू आहेस, अजून तिखट खाताना जीभ बाहेर काढतोस. आणि शेजारी पिवळ्या कुर्त्यातला तुझा मित्र बसलाय, त्याचे केस कमरेपर्यंत आहेत."

आमच्या आत्याला मोतीबिंदू आहे असं आम्ही समजत होतो.

सॉफ्ट लाँच करणाऱ्यांनी खरं तर चेहऱ्यांची काळजी करू नये. चेहरे ते काळजीपूर्वक वगळतातच. काळजी करावी ती चकचकीत वस्तूंची: चमचे, गॉगल, खिडकीची काच, गाडीची टाकी, आणि आपल्या देशापुरतं बोलायचं तर स्टेनलेस स्टील. आणि त्याहून जास्त सवयींची. मी तेवीस वर्षांत मिसळीत दही घातलेलं नाही हे आत्याला माहीत होतं. त्या दह्याने आम्ही पकडले गेलो, स्टीलने नुसती साक्ष दिली.

आत्याला मी विचारलं, कुणाला सांगणार आहेस? ती म्हणाली, "मी कशाला सांगू? मला काय करायचंय?" मग थोडं थांबून: "आईला तरी माहीत आहे ना?" मी नाही म्हणालो. पलीकडे शांतता. त्या शांततेत आनंद होता. जगात सर्वांत आधी आपल्याला कळलं, तेही भावजयीच्या आधी, हा तो आनंद. त्यापुढे मिसळ, पिवळा कुर्ता, मुलगी कुठली, काय करते, हे सगळं दुय्यम होतं. तेव्हा मला लख्ख दिसलं की आम्ही सात महिने भलताच प्रश्न सोडवत होतो. कधी सांगायचं, कधी सांगायचं. आमच्या माणसांना कधीशी घेणंदेणं नाही. त्यांना नंबर कितवा लागतो याच्याशी आहे.

आता हे आपल्याला नवीन नाही. पुण्यात लग्नाची पहिली अक्षत कसबा गणपतीला देतात. मग कुलदैवत, मग घरातले वडीलधारे, मग जवळचे, मग लांबचे, आणि सर्वांत शेवटी "घाईत नजरचुकीने राहिले असल्यास हेच आमंत्रण समजावे" या ओळीत मावणारे. क्रम चुकला की पिढ्यान् पिढ्या लक्षात राहतो. आमच्या एका काकांकडे १९८४ सालची पत्रिका पोस्टाने गेली आणि त्यांच्या धाकट्या भावाकडे माणूस जाऊन आला, एवढ्यावरून दोन घरांत अजून तिळगूळ नाही. स्टेटसची पंचाईत ही की ते सगळ्यांना एकदम जातं. मोठ्या मामाला आणि खालच्या भाडेकरूला एकाच मिनिटाला. म्हणजे एका बोटाच्या टिचकीत तुम्ही पन्नास जणांचा मान ठेवायचा विसरता. इन्स्टाग्रामवर जवळच्या मित्रांची वेगळी यादी करता येते, त्यांना तुमची स्टोरी हिरव्या कड्यात दिसते. कुणाला घेतलं, कुणाला काढलं हे ते ॲप कुणाला कळवत नाही. पण हिरवं कडं ज्याला दिसतं तो ते न दिसणाऱ्यासमोर उच्चारतोच. "तुला नाही दिसलं? हिरव्यात होतं की."

आमच्या आधीच्या पिढ्यांचं बरं होतं असंही नाही. पुण्याच्या मुली स्कूटरवर डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फने गुंडाळतात ते उन्हासाठी, असं बाहेरच्यांना सांगितलं जातं. झेड ब्रिजवर ऊन उतरल्यावर ओळीने लावलेल्या दुचाकी ज्याने पाहिल्यात त्याला त्या स्कार्फची दुसरी उपयुक्तता सांगावी लागत नाही. फक्त तिथेही मुलगी पकडली जायची ती चेहऱ्याने नाही, गाडीच्या नंबराने. आणि आत्याच्या स्वतःच्या काळात रेल्वेच्या डब्यावर आरक्षणाचा तक्ता चिकटवत. त्यावर नाव, वय, स्त्री की पुरुष, बर्थ क्रमांक. आत्याचं आणि तिच्या यजमानांचं प्रकरण घरी कळलं ते पुणे स्टेशनावर तसा एक तक्ता वाचत उभ्या असलेल्या शेजाऱ्यांमुळे. शेजाऱ्यांना कुठेही जायचं नव्हतं. पोचवायला आले होते, गाडीला वेळ होता, म्हणून वाचत होते.

तर आम्ही त्याच संध्याकाळी कागद घेतला. फोटोंचा नाही, माणसांचा क्रम लावायला बसलो. तिच्या बाजूला एक तारीख आपोआप ठरलेली निघाली: पुढच्या रविवारी ठाण्याचं एक स्थळ नाशकात बघायला येणार होतं. मुलगा, आई, वडील आणि मध्यस्थ. तिने बाबांना "मला यायला जमणार नाही" एवढंच कळवलं होतं आणि बाबांनी "मग पुढच्या रविवारी" म्हणून सहज पुढे ढकललं होतं. हे पुढचं पुढे चाललेलं होतं, पण प्रत्येक वेळी चौघं अनोळखी माणसं रविवार राखून ठेवत होती. ते काही बरं नव्हतं. तेव्हा गुरुवारच्या आत बाबांना सांगायचं. बाबांना सांगितल्यावर अर्ध्या तासात मी माझ्या आईबाबांना, मग आजी, दादा-वहिनी, मोठे मामा, आत्याला (पुन्हा, पहिल्यांदाच सांगतोय असं), धाकटे मामा. सगळे त्याच रात्री, फोन करून, नऊ ते दहाच्या दरम्यान, म्हणजे एकाला दुसऱ्याकडून कळायच्या आत त्याला माझ्याकडून कळेल. कॉलमागे सहा मिनिटं धरली. मी एक्सेलमध्ये केलं होतं.

तिने बुधवारी रात्रीच सांगून टाकलं. मला नंतर कळवलं. बाबा ऐकत होते. पहिला प्रश्न आला, "मग रविवारच्या पोह्यांचं काय?" तिने सांगितलं, त्यांना नाही म्हणून कळवा. मग विचारलं, "आईला माहीत आहे का?" ती खोटं बोलत नाही, हा तिचा एक दोष आहे. म्हणाली, चार महिन्यांपासून. बहिणीला? पहिल्यापासून. बाबा उठले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "म्हणजे घरात मीच शेवटचा."

एवढंच. रागावले नाहीत, जात विचारली नाही, पगार विचारला नाही. तिच्या आईने आमच्या प्रकरणासाठी चार महिने देव पाण्यात ठेवले होते ते बाबांच्या जातीबद्दलच्या मतांमुळे. आणि बाबा दुखावले कशाने, तर चौथा नंबर लागला म्हणून. रात्री त्यांनी वही काढली. अनुक्रमांक चौदावर माझं नाव लिहिलं. पगाराचा रकाना तिच्या अंदाजाने भरला, उंची तिने दोन इंच वाढवून सांगितली. शेऱ्याचा रकाना रिकामा ठेवलाय. तो अजून रिकामा आहे. मी नाशकात दोनदा जाऊन आलो, एकदा द्राक्षं घेऊन गेलो. नाशकात द्राक्षं नेणाऱ्या माणसाबद्दल त्यांनी शेरा का लिहिला नसेल हे मला समजतं.

आमच्या बाजूचे फोन एक्सेलप्रमाणे झाले नाहीत. आईशीच पस्तीस मिनिटं गेली. त्यातली पंधरा "तरीच तू दिवाळीला दोन दिवसांत परत गेलास" या विषयावर. तोवर आजीला कळलं होतं, कारण ती आईच्या शेजारी बसली होती आणि फोन स्पीकरवर होता. धाकटे मामा म्हणाले, "मला मोठ्याने सांगितलं आत्ताच. असू दे, आम्हाला कोण विचारतो." आत्याने मात्र उत्तम अभिनय केला. "काय सांगतोस! अगदी कल्पनाच नव्हती!" असं ती इतक्या मोठ्याने म्हणाली की मागून तिचे यजमान "अगं, पण परवाच तर..." म्हणाले ते मला स्पष्ट ऐकू आलं.

त्यानंतर एका शनिवारी दोघांच्याही घरच्यांच्या संमतीने, राजगडावर, दोन टोकांना नाही तर शेजारी उभं राहून काढलेला फोटो आम्ही आपापल्या इन्स्टाग्रामवर टाकायचं ठरवलं. म्हणजे हार्ड लाँच. तिने मजकुरावर दोन संध्याकाळी घालवल्या. बदाम कोणत्या रंगाचा यावर मत मागितलं गेलं आणि मी चुकीचं दिलं. टाकायची वेळ रविवारी रात्री साडेनऊची ठरली.

शनिवारी रात्री झोपण्यापूर्वी मी सहज स्टेटस उघडले. सगळ्यांत वर आत्या नवीन. त्यात राजगडाचा तोच फोटो, जो मी फक्त आईला पाठवला होता. वर गुलाबांची महिरप, खाली हात जोडलेला गणपती, आणि अक्षरं: "आमच्या पिंट्याचं ठरलं!!" कुणालाही न वगळता.

मी फोन पालथा घालून झोपलो. सकाळी सात वाजता आत्याचा फोन.

"काय रे, रात्री अकरा चाळीसला बघितलंस. यादीत दिसतं मला. बघून नुसता गप्प? मी पहिलीच ना टाकणारी?"

"हो आत्या."

"मग एक बदाम तरी पाठव."